पाकीट उघडण्यापूर्वीचा कागद

विदर्भात ज्याला सारे जण नुसते ‘मेडिकल’ म्हणून ओळखतात, त्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सिकलसेलग्रस्त मुले वर्षानुवर्षे येत आली आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतून एस.टी.ने, क्वचित कुणाच्या खांद्यावरून ती येतात. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत अशी कळ उठते की, आठ-दहा वर्षांचे मूलही बोलेनासे होते. या वेदनेच्या झटक्यांवर हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते, हे अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीने दाखवून दिले. तेथे औषध न मिळालेल्यांत वर्षाला साडेचार झटके हे मध्यक प्रमाण होते, तर औषध मिळालेल्यांत अडीच. परंतु त्या चाचणीत मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून, वारंवार रक्त तपासत, ३५ पर्यंत चढवीत नेली होती. ज्या तालुक्यात महिन्याकाठी एकदा रक्त तपासणे हेच दिव्य असते, तेथे हे कसे जमावे? म्हणून दर किलोला १० मिलिग्रॅम एवढीच ठरावीक, कमी मात्रा आपल्याकडील मुलांना पुरते काय, असा प्रश्न नागपुरात विचारला गेला आणि ६० मुलांवरील अशा चाचणीचा अहवाल नागपूरच्या याच महाविद्यालयातून २०१२ साली प्रसिद्ध झाला.

साठ मुले ही संख्या लहान आहे. तथापि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दरवर्षी जे संशोधन होते, त्याचा फार मोठा भाग याच आकाराचा असतो. एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत प्रबंध लिहावयाचा असतो. त्यात पन्नास-साठ रुग्ण जमले तरी तो सुटकेचा निःश्वास टाकतो. अशा लहान अभ्यासात एक कागद असा आहे की जो बहुधा लिहिलाच जात नाही, आणि लिहिला तरी उशिरा लिहिला जातो. तो म्हणजे विश्लेषणाचा आराखडा. जमवलेल्या माहितीचे नेमके काय करावयाचे, कोणती गोष्ट मोजून यशापयश ठरवावयाचे, कोणती कसोटी लावावयाची, अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुलांचा हिशेब कसा धरावयाचा, हे सारे निकाल पाहण्यापूर्वी लिहून, तारीख घालून, सही करून ठेवणे. प्रबंधाच्या प्रारंभी सादर होणाऱ्या सिनॉप्सिसमध्ये या जागी ठरलेले एकच वाक्य असते: योग्य त्या सांख्यिकी कसोट्या वापरण्यात येतील. हे वाक्य निरुपद्रवी दिसते. वस्तुतः सारा अनर्थ त्यातच दडलेला आहे. कारण ‘योग्य’ काय हे ठरवण्याचा अधिकार ते वाक्य निकाल पाहून झालेल्या माणसाच्या हाती देते.

हा अनर्थ कसा घडतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहणे बरे. पुढील आकडे वर उल्लेखिलेल्या अभ्यासातील नव्हेत. ते केवळ समजावून देण्यासाठी घेतले आहेत. समजा, साठ मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. तिसांना औषध दिले, तिसांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली, आणि वर्षभर पाहिले. औषधाच्या गटातील १० मुलांना वेदनेच्या झटक्यासाठी किमान एकदा रुग्णालयात दाखल करावे लागले. दुसऱ्या गटातील १८ मुलांना. एकीकडे तिसांतील दहा, दुसरीकडे तिसांतील अठरा. आता हा फरक औषधाचा म्हणावा की निव्वळ योगायोगाचा?

येथे पहिला फाटा फुटतो. या चार आकड्यांना कायवर्ग कसोटी, कोणतीही दुरुस्ती न करता, लावली तर पी-मूल्य सुमारे ०.०४ येते. म्हणजे औषधात काहीच गुण नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात चार वेळा योगायोगाने दिसला असता. रूढ संकेतानुसार शंभरात पाचाच्या खाली आकडा आला की निष्कर्ष लक्षणीय मानतात. तेव्हा औषध लागू पडले. पण त्याच आकड्यांना फिशरची अचूक कसोटी लावली तर पी-मूल्य सुमारे ०.०७ येते, आणि औषध लागू पडल्याचे सिद्ध झाले नाही, असे लिहावे लागते. दोन्ही कसोट्या पाठ्यपुस्तकांत आहेत. दोन्हींच्या बाजूने जाणकार भांडतील. मोठ्या अभ्यासात दोहोंची उत्तरे जवळजवळ सारखीच येतात, त्यामुळे निवडीला फारसे महत्त्व उरत नाही. लहान अभ्यासात मात्र ती एवढी दूर जातात की, कसोटीची निवड हाच निकाल होऊन बसतो. संगणकावर दोन्ही आकडे एकाखाली एक छापून येतात. दोन वर्षे रात्रपाळ्या करून मुले जमवलेल्या विद्यार्थ्याची नजर त्यांपैकी कोणत्या ओळीवर स्थिरावेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरा फाटा याहून अवघड आहे. औषधाच्या गटातील ज्या वीस मुलांची दाखल झाल्याची नोंद नाही, त्यांपैकी तीन मुले समजा चौथ्या महिन्यानंतर फिरकलीच नाहीत. रोवणीच्या दिवसांत बाप सुट्टी घेऊ शकत नाही, मजुरी बुडते, गाव दूर आहे. या तिघांना काय मानावे? नोंद नाही म्हणजे झटका आला नाही असे मानले, तर वरचाच निकाल कायम राहतो. साध्या कायवर्ग कसोटीने ०.०४. त्यांना हिशेबातून वगळले, तर सत्तावीसांत दहा विरुद्ध तिसांत अठरा अशी तुलना होते आणि तीच कसोटी सुमारे ०.०८ सांगते. आणि जे मूल आले नाही ते तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाले असण्याचा संभव धरून तिघांनाही झटका आला असे मानले, तर तिसांत तेरा विरुद्ध तिसांत अठरा, आणि पी-मूल्य सुमारे ०.२०. तीन मुलांच्या गैरहजेरीचा अर्थ लावण्यावर एका औषधाचे भवितव्य अवलंबून राहिले. तिन्ही अर्थांना काही ना काही आधार आहे. पण निकाल पाहिल्यानंतर त्यांपैकी एकच आधार विशेष सबळ वाटू लागतो, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे.

यात लबाडीचा आरोप कुणावर नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. खोटे आकडे लिहिणारा संशोधक हा वेगळा प्रश्न. त्याला कोणताही आराखडा अडवणार नाही. येथे प्रश्न प्रामाणिक माणसाचा आहे. तो प्रत्येक वळणावर विवेकाने निर्णय घेतो, प्रत्येक निर्णयाचे समर्थन करू शकतो, आणि तरीही शेवटी त्याच्या हाती आलेले उत्तर त्याने स्वतःच घडवलेले असते. त्याने दहा कसोट्या लावून नऊ लपवल्या असेही नसते. कदाचित त्याने एकच लावली असेल. परंतु आकडे वेगळे पडले असते तर त्याने वेगळी लावली असती, आणि तेवढ्यानेच ‘शंभरात पाच’ या हमीला अर्थ उरत नाही. ती हमी एकच रस्ता आधी ठरलेला असेल तरच खरी असते.

शिक्षकवर्गाला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वी आदर्श उत्तरे आणि गुणांची वाटणी ठरते. तपासता तपासता ठरत नाही. तपासणारा अप्रामाणिक असतो म्हणून असे करीत नाहीत. ओळखीच्या अक्षराचा कागद समोर आला की, अर्धा गुण कुठे द्यावा याबद्दलचे मत नकळत सैल होते, म्हणून करतात. सरकारी कचेरीतील कारकुनालाही ठाऊक असते की निविदेच्या अटी पाकिटे फोडण्यापूर्वी जाहीर व्हाव्या लागतात. पाकिटे फुटल्यावर घातलेली अट कितीही सयुक्तिक असली तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवीत नाही.

तिसरा फाटा फलिताच्या निवडीचा. सिकलसेलच्या मुलात मोजण्यासारखे पुष्कळ असते: किती वेळा दाखल झाले, किती दिवस खाटेवर राहिले, किती बाटल्या रक्त चढवावे लागले, हिमोग्लोबिन किती वाढले, शाळा किती दिवस बुडाली. समजा औषध पूर्णपणे निरुपयोगी आहे आणि या पाच गोष्टी परस्परांशी निगडित नाहीत. तरी पाचांपैकी निदान एकीत शंभरात पाचाच्या आतला फरक दिसण्याचा संभव जवळजवळ तेवीस टक्के असतो. प्रत्यक्षात या गोष्टी परस्परांत गुंतलेल्या असल्याने आकडा काहीसा उतरेल, पण पाचावर खचित येणार नाही. आणि मग प्रबंधाचे शीर्षक त्या एका गोष्टीभोवती बेतले जाते. उपाय एवढाच की पाचांपैकी मुख्य कोणते हे आधी सांगावे आणि बाकीच्या चारांना दुय्यम स्थान द्यावे.

मुख्य फलित सांगितले म्हणजे काम संपले असेही नाही. त्याची व्याख्या लागते. वेदनेचा झटका म्हणजे काय? १९९५ च्या अमेरिकन चाचणीत तो असा ठरवला होता: सिकलसेलमुळे उठलेल्या वेदनेसाठी रुग्ण दवाखान्यात चार तासांहून अधिक काळ राहिला आणि त्याला बहुधा सुईवाटे अफूवर्गीय वेदनाशामक द्यावे लागले, तर तो एक झटका. शिवाय कोणता प्रसंग या व्याख्येत बसतो हे ठरवणाऱ्या समितीला रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. आपल्याकडे ही व्याख्या जशीच्या तशी चालणार नाही, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रात अफूवर्गीय औषध बहुधा नसतेच. मग आपली व्याख्या कोणती? सोमवारी घरी सोडलेले मूल बुधवारी परत आले तर तो नवा झटका की जुनाच? एका मुलाला वर्षात अकरा झटके आले आणि बाकीच्यांना एक-दोन, तर सरासरी घ्यावयाची की मध्यक? त्या एका मुलाने आपल्या गटाची सरासरी वर खेचली की, ‘हे प्रकरण अपवादात्मक असल्याने वगळले’ असे वाक्य सुचते, आणि ते बहुधा औषधाच्या गटातल्या मुलाबद्दलच सुचते.

विभागणीचा मोह याहून जुना आहे. एकंदरीत गुण दिसला नाही तर मुलींत दिसतो काय, दहा वर्षांखालील मुलांत दिसतो काय, असे खोदत जाता येते, आणि खोदणाऱ्याला काही ना काही सापडतेच. या प्रकाराची सर्वांत मार्मिक थट्टा एका अत्यंत गंभीर चाचणीने केली आहे. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन उपयोगी आहे काय हे पाहणाऱ्या, १७,१८७ रुग्णांच्या चाचणीचा अहवाल १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ॲस्पिरिनचा गुण निर्विवाद होता. तरी संपादकांनी पोटविभागांचा आग्रह धरल्याची जी कथा सांगतात, तिला साजेसे उत्तर त्या अहवालातच आहे: संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी करून दाखवले की मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपाय झालेला दिसतो, इतर दहा राशींना मात्र मोठा लाभ. राशीभविष्य रोज वाचणाऱ्या समाजाने या तक्त्यापुढे क्षणभर थांबावे. सतरा हजारांच्या अभ्यासात जर राशी बोलू लागतात, तर तिसांच्या गटाचे दोन तुकडे केल्यावर पंधरा मुलींचे आकडे काय काय बोलतील?

तेव्हा आराखडा लिहावयाचा तो कसा? साठ मुलांच्या अभ्यासाला तीन-चार पाने पुरतात. आंतरराष्ट्रीय स्तरावर या कामाची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली ठरली, आणि २०१७ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात अशा आराखड्यात काय असावे याची ५५ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध झाली. ती औषध कंपन्यांच्या मोठ्या चाचण्यांना योग्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे ठेवली तर तो घाबरून जुन्याच वाक्याकडे परतेल. त्याने मुख्य फलित व्याख्येसह लिहावे. ज्या गटात वाटणी झाली त्याच गटात प्रत्येक मूल मोजले जाईल, मग त्याने गोळ्या घेतल्या असोत वा नसोत, हे लिहावे. कसोटीचे नाव लिहावे. आमच्या उदाहरणात फिशरची कसोटी निवडली तर तेवढ्या एका शब्दाने पहिला फाटा बुजतो. न आलेल्या मुलांना मुख्य हिशेबात कसे धरणार, आणि दुसऱ्या रीतीने धरल्यास उत्तर बदलते काय हेही दाखवणार, हे लिहावे. शेवटी कोष्टके काढून ठेवावीत: मथळे, रकाने, सारे भरलेले, आकड्यांच्या जागा मात्र कोऱ्या. कोरे कोष्टक काढताना जेवढ्या शंका निघतात तेवढ्या दहा पाने वाचून निघत नाहीत.

एक युक्ती विशेष उपयोगाची आहे. माहितीचा तक्ता तयार झाला की त्यातील गटाचा रकाना दुसऱ्या कुणाकडे ठेवावा; जनवैद्यकशास्त्र विभागातील एखाद्या अधिव्याख्यात्याकडे, किंवा गोळ्या वाटणाऱ्या औषधनिर्मात्याकडे. त्या जागी नाणे उडवून खोटेच ‘क’ आणि ‘ख’ भरावेत आणि या खोट्या गटांवर सारे विश्लेषण शेवटपर्यंत करून पाहावे. वयाच्या रकान्यात कुणी १०८ लिहिले आहे, दोन नोंदी एकाच मुलाच्या आहेत, एका तारखेत महिना आणि दिवस उलटा पडला आहे, हे सारे दोष या फेरीत उघडे पडतात. ते सुधारताना कोणता निकाल कुणाच्या बाजूने झुकतो हे सुधारणाऱ्याला कळत नाही, यातच त्या सुधारणेची विश्वासार्हता आहे. मग आराखड्यावर सही, तारीख, मार्गदर्शकाची सही. एक प्रत नैतिकता समितीच्या कार्यालयात. आणि त्यानंतर खरा रकाना.

‘निकाल पाहू नये’ याचा अर्थ आकडेच पाहू नयेत असा कुणी घेतात. तो बरोबर नाही. दोन्ही गट एकत्र धरून एकूण किती मुले दाखल झाली, किती फिरकली नाहीत, हे पाहण्यास हरकत नाही. साठांपैकी वर्षभरात चारच मुले दाखल झाली असे दिसले, तर मुख्य फलित बदलणे हे शहाणपणाचे आहे, कारण कोणत्या गटातली चार हे अजून कुणालाच ठाऊक नाही. पाकीट फुटल्यानंतरही आराखडा बदलता येतो. मात्र बदलाची तारीख आणि कारण लिहून, आणि जुना हिशेब नव्याशेजारी छापून. नवे काही अनपेक्षित सापडले तर तेही खुशाल सांगावे, पण ते मागाहून सापडले असे सांगावे. पुढच्या अभ्यासाचा प्रश्न म्हणून त्याला मोल आहे, उत्तर म्हणून नाही.

वरिष्ठ प्राध्यापकांकडून या सूचनेवर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, अनुभवी चिकित्सक आकडे पाहताना जे ओळखतो ते आधी कागदावर कसे लिहिता येईल? अनुभवाचे स्थान कुणी नाकारीत नाही. परंतु अनुभव जर खरा असेल तर तो आकड्यांपूर्वीही असतो. मागील वर्षी ज्याला जास्त झटके आले त्याला यंदाही जास्त येण्याचा संभव असतो, हे मेडिकलच्या वॉर्डातील परिचारिकाही सांगेल. मग मागील वर्षीची संख्या हिशेबात धरून तुलना केली जाईल, असे आराखड्यातच लिहावे. हा अनुभवाचा नेमका उपयोग झाला. निकाल पाहून आठवलेला अनुभव निराळा.

आराखड्याकडून भलत्या अपेक्षाही धरू नयेत. तो साठांचे एकशे साठ करीत नाही. आमच्या कल्पित उदाहरणातील फरक, म्हणजे साठ टक्क्यांविरुद्ध तेहेतीस टक्के, खरोखरच अस्तित्वात असला, तर तो शंभरात ऐंशी वेळा हाती लागावा यासाठी प्रत्येक गटात पन्नासाहून काही अधिक मुले हवीत. तिसांच्या गटात तो जेमतेम निम्म्या वेळा हाती लागेल. ‘फरक सिद्ध झाला नाही’ हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवूनच असा अभ्यास करावा लागतो आणि त्या उत्तराने विद्यार्थ्याची पदवी अडता कामा नये. येथेच खरी गाठ आहे. जोवर परीक्षक आणि नियतकालिके ‘लक्षणीय’ हा शब्द शोधीत राहतील, तोवर विद्यार्थी तो पुरवीत राहील. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्रबंधाच्या परीक्षकांना एवढेच विचारावयास लावावे की, आधी लिहिलेल्या हिशेबाप्रमाणे हिशेब केला काय. निकाल कुणीकडे लागला हे विचारू नये.

चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २०१८ च्या एप्रिलपासून तीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद करावी लागते. मुख्य फलित कोणते हे तीत लिहावे लागते, ही मोठीच सुधारणा आहे. तथापि तीन गैरहजर मुलांचे काय करणार हे त्या नोंदीवरून बहुधा कळत नाही, आणि वरच्या उदाहरणात ०.०४ चे ०.२० झाले ते त्या तीन मुलांमुळे. ती पोकळी भरण्याचे काम महाविद्यालयाच्या नैतिकता समितीला करता येईल. तिला नवा कायदा नको, निधी नको. सिनॉप्सिस मंजूर करताना ‘योग्य त्या सांख्यिकी कसोट्या’ हे वाक्य आढळले की तो कागद परत पाठवावा, आणि गटांचा रकाना ज्याच्या ताब्यात आहे त्याने आराखड्याची सही केलेली प्रत हाती आल्याखेरीज तो देऊ नये.

जुन्या केसपेपरांवरून होणाऱ्या अभ्यासांत मात्र ही व्यवस्था लंगडी पडते. तेथे रुग्ण बरा झाला की नाही हे कागदावर आधीच लिहिलेले असते, आणि ज्या डॉक्टराने ते लिहिले तोच पुष्कळदा विश्लेषण करणारा असतो. त्याने न पाहिल्याची शपथ घेऊन उपयोग नाही. अशा अभ्यासात आराखडा निदान केसपेपर अभिलेखागारातून काढण्यापूर्वी लिहावा, नोंदी उतरवून घेण्याचे काम त्या वॉर्डात काम न केलेल्या माणसाकडे द्यावे, आणि अहवालात स्पष्ट लिहावे की आराखडा लिहिणाऱ्याला यांपैकी काही रुग्ण आठवत होते.